एक स्टीव्हिया कडू, दुसरा कडू नाही, असं का?

सोलापुरात मेडिकलच्या दुकानात शुगर-फ्री गोळ्यांचा खण आता बराच मोठा झाला आहे. त्यात स्टीव्हियाच्या डब्या असतात, थेंबांच्या बाटल्या असतात आणि अलीकडे मंक फ्रूट लिहिलेली पाकिटंही दिसतात. किमतीत भरपूर फरक, पण दर्शनी भागावर सगळीकडे एकच शब्द: नैसर्गिक. घरी आणून चहात घातल्यावर एकाचा अनुभव असतो, "चांगला आहे की, साखरेसारखाच." दुसरा म्हणतो, "घोट गिळल्यावर जिभेच्या मागे कडू राहतं, नको ते." दोघांनीही स्टीव्हियाच घातलेला असतो.

हा फरक जिभेच्या लाडाचा नाही. त्याला ठोस रासायनिक कारण आहे. ते कारण एकदा कळलं की डबी निवडणं सोपं होतं, आणि 'हे सुरक्षित आहे का' या मोठ्या प्रश्नाचं निम्मं उत्तरही त्यातच मिळतं.

पानात गोड काय असतं?

स्टीव्हिया हे मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेचं झुडूप. तिथले ग्वारानी लोक त्याची पानं पिढ्यान्‌पिढ्या पेयं गोड करायला वापरत आले. आपल्याकडे रोपवाटिकेत ते 'गोड तुळस' या नावानं मिळतं, पण तुळशीशी त्याचं नातं नाही. ते सूर्यफुलाच्या कुळातलं आहे.

या पानाचा गोडवा साखरेमुळे नसतो. पानात स्टीव्हिऑल नावाचा एक रेणू असतो आणि त्याला ग्लुकोजचे कण जोडलेले असतात. हा स्टीव्हिऑल म्हणजे सांगाडा समजा. नुसत्या सांगाड्याला गोडी नसते, ग्लुकोज जोडल्यावर ती येते. कुठे किती ग्लुकोज जोडलं आहे त्यावरून वेगवेगळे पदार्थ तयार होतात, आणि त्या सगळ्यांना मिळून स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड म्हणतात. या लेखात त्यांतले तीनच लक्षात ठेवायचे आहेत. स्टीव्हिओसाइडमध्ये ३ ग्लुकोज असतात, रेबॉडिओसाइड ए म्हणजे 'रेब ए'मध्ये ४, आणि 'रेब एम'मध्ये ६.

साध्या जातीच्या पानात स्टीव्हिओसाइड सर्वांत जास्त असतं, रेब ए त्याहून कमी, आणि रेब एम इतकं थोडं की किलोभर वाळलेल्या पानांत ते एक ग्रॅमही भरत नाही. कडवटपणाचं मूळ या वाटणीत आहे.

पानातून पांढरी पावडर कशी निघते?

ज्यांनी साखर कारखाना आतून पाहिला आहे, त्यांना ही प्रक्रिया अर्धी ओळखीची वाटेल. आपल्या जिल्ह्यात तसे लोक कमी नाहीत. कारखान्यात उसाचा गढूळ रस तापवतात, चुन्याची निवळ घालतात, गाळ खाली बसवतात, निवळलेला रस आटवतात आणि शेवटी दाणा पाडतात. स्टीव्हियाच्या कारखान्यात सुरुवात आणि शेवट जवळपास असाच असतो. मधला एक टप्पा मात्र पूर्ण वेगळा आहे.

झाडाला फुलं येण्याच्या आधी पानं तोडतात, कारण तेव्हा त्यांत गोड द्रव्य भरपूर असतं. पानं वाळवून गरम पाण्यात मुरवली की काळपट तपकिरी काढा मिळतो. त्यात गोड द्रव्याबरोबर हिरवा रंग, प्रथिनं, तुरट टॅनिन, क्षार असं पानातलं सगळंच उतरलेलं असतं. त्यात चुना किंवा लोहाचे अथवा ॲल्युमिनियमचे क्षार घालतात. बरीचशी घाण गोळा होऊन खाली बसते आणि काढा गाळून घेता येतो.

इथून पुढे ऊस आणि स्टीव्हियाच्या वाटा वेगळ्या होतात. काढा एका उंच नळकांड्यातून सोडतात. त्यात रेझिनचे म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे बारीक सच्छिद्र मणी भरलेले असतात. स्टीव्हिऑलचा सांगाडा तेलासारख्या स्वभावाचा आहे, त्याचं पाण्याशी फारसं जमत नाही. म्हणून गोड रेणू मण्यांना चिकटून बसतात आणि साध्या शर्करा व क्षार पाण्याबरोबर पुढे वाहून जातात. मणी पाण्यानं धुतले की त्यांच्यातून अल्कोहोल सोडतात. अल्कोहोलमध्ये गोड रेणूंची पकड सुटते आणि ते त्यात उतरतात. मग उरलेले क्षार आणि रंग काढणं, अल्कोहोल उडवून परत मिळवणं, द्राव आटवणं आणि फवारा मारून सुकवणं हे टप्पे येतात. आणखी शुद्ध माल हवा असेल तर अल्कोहोल मिसळलेल्या पाण्यातून पुन्हा दाणा पाडतात. याच टप्प्यावर रेब ए बाकीच्यांपासून बरंचसं वेगळं काढता येतं.

अल्कोहोल म्हटल्यावर काहीजण दचकतात. हे अल्कोहोल इथेनॉल असू शकतं किंवा मिथेनॉलही. मिथेनॉल विषारी आहे, म्हणून शेवटच्या पावडरीत ते किती राहू शकतं याला मर्यादा घातलेली आहे: किलोमागे २०० मिलिग्रॅम. चहाच्या कपात पावडर पडते २५-३० मिलिग्रॅम. तेव्हा मर्यादेपर्यंतचं सगळं मिथेनॉल शिल्लक राहिलं असं धरलं, तरी कपात एका मिलिग्रॅमचा शंभरावा भागही येत नाही. फळांच्या रसात यापेक्षा जास्त मिथेनॉल नैसर्गिकरीत्या असतं.

किलोभर वाळलेल्या पानांत गोड द्रव्य साधारण १०० ग्रॅम असतं. ते साखरेच्या दोनशे पट गोड धरलं तर कागदावर २० किलो साखरेची गोडी झाली. 'कागदावर' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे.

मग कडू कशामुळे लागतं?

पहिलं कारण साधं आहे. माल नीट शुद्ध झाला नसेल तर पानातलं टॅनिन आणि वासाची द्रव्यं मागे राहतात. अशा पावडरीला ओल्या गवतासारखा वास येतो आणि ती पांढरीशुभ्र नसते, पिवळट असते. हे डोळ्यांनी आणि नाकानं ओळखता येतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, कारण ते शुद्ध मालातही राहतं. गोड आणि कडू चव ओळखणारे ग्राहक जिभेवर वेगवेगळे असतात. ग्राहक म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, ज्याला ठरावीक रेणू चिकटला की मेंदूकडे संदेश जातो. गोडासाठी मुख्यतः एकच जोडी आहे, पण कडवटासाठी माणसाकडे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक आहेत. कडू ते बहुधा विषारी, या धोक्यापासून बचावासाठी शरीरानं केलेली ही तयारी आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की स्टीव्हियाचे रेणू गोडाच्या ग्राहकाला तर चिकटतातच, शिवाय कडवटाच्या दोन ग्राहकांनाही जागं करतात. म्हणजे हा कडवटपणा भेसळीचा नाही. जो रेणू गोड लागतो, तोच कडूही लागतो.

त्यातच एक नियमितपणा दिसला. रेणूवर ग्लुकोज जितके जास्त, तितका तो कमी कडू. ३ ग्लुकोजवालं स्टीव्हिओसाइड सर्वांत त्रासदायक, ४ ग्लुकोजवालं रेब ए त्याहून बरं आणि ६ ग्लुकोजवालं रेब एम जवळजवळ स्वच्छ गोड. आता सुरुवातीच्या दोन डब्यांकडे वळू. एकीत स्टीव्हिओसाइडचा भरणा असतो आणि दुसरीत रेब ए किंवा रेब एमचा. पुन्हा कडवट ग्राहकांची संवेदनशीलता माणसागणिक वेगळी असते आणि तिचा काही भाग जन्मजात असतो. त्यामुळे एकाच डबीवरून नवरा-बायकोत मतभेद झाले, तर दोघंही खरं बोलत असतात.

इथे लेबलवरची एक गफलत सांगायला हवी. 'शुद्धता ९५ टक्के' हे वाचून लोकांना वाटतं की माल उत्तम आहे. पण जागतिक मानकातले हे ९५ टक्के सगळ्या स्टीव्हिऑल ग्लायकोसाइडांची मिळून बेरीज आहे. त्यात स्टीव्हिओसाइडचा वाटा मोठा असला तरी माल ९५ टक्के शुद्धच ठरतो, आणि कडूही लागतो. व्यापारात 'रेब ए ६०', 'रेब ए ९७' अशी प्रतवारी चालते, ती रेब एचं प्रमाण सांगते. चवीसाठी हा आकडा पाहायचा. तो लेबलवर नसेल तर कंपनीला विचारायला हरकत नाही.

"मी जास्त घातलं, तरी गोड होईना"

जुळे सोलापुरातल्या आमच्या एका काकूंची ही तक्रार. त्यांना चहा गोडच लागतो. एका पुडीनं होईना म्हणून त्यांनी दोन घातल्या, मग तीन. "गोडी तेवढीच राहिली हो, कडूपणा तेवढा वाढला," असं त्या म्हणाल्या. त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे.

साखर जितकी घालाल तितकी गोडी चढत जाते. रेब एचं तसं नाही. साध्या पाण्यात चव घेऊन केलेल्या मोजमापांत असं दिसतं की त्याची गोडी साधारण १० टक्के साखरेच्या पाण्याइतकी झाली की पुढे चढतच नाही, आणि तिथवर पोहोचणंही फार महाग पडतं. १०० मिलिलिटरमध्ये एक चमचा म्हणजे ५ ग्रॅम साखर घातल्यावर येते तेवढ्या गोडीला सुमारे २० मिलिग्रॅम रेब ए पुरतं. इथे ते साखरेच्या २५० पट गोड ठरतं. पण तेवढ्याच पाण्यात ८ ग्रॅम साखरेची गोडी हवी असेल तर सुमारे ८० मिलिग्रॅम लागतं. गोडी दीडपटीहून थोडी जास्त हवी होती, पावडर मात्र चौपट गेली, आणि 'अडीचशे पट' गोड असलेला पदार्थ इथे फक्त शंभर पट गोड राहिला. कडवटाचे ग्राहक तोवर चांगलेच जागे झालेले असतात.

म्हणूनच मघाशी २० किलोच्या हिशोबाला मी 'कागदावर' म्हटलं. फिक्या चहात स्टीव्हिया छान वागतो, गोडमिट्ट चहात तो हरतो. ज्याला चहा गोडच लागतो, त्यानं साखरेची सगळी गोडी त्यातून काढायचा हट्ट करू नये. अर्धा चमचा साखर आणि त्यावर थोडा स्टीव्हिया, अशी जोडी चवीला कितीतरी बरी लागते. शीतपेयं बनवणाऱ्या काही कंपन्याही साखर आणि स्टीव्हिया एकत्र वापरतात.

आणखी एक गोष्ट जाणवते. साखरेची गोडी जिभेवर चटकन येते आणि चटकन ओसरते. स्टीव्हियाची उशिरा येते आणि रेंगाळते. साधारण ज्येष्ठमधासारखं. याला कडवटपणा म्हणता येत नाही, पण सवय नसलेल्याला ते खटकतं. दूध, आलं, वेलदोडा यांच्या चवीत ते बरंच झाकलं जातं, कोऱ्या चहात ते उघडं पडतं.

मंक फ्रूटमध्ये हाच नियम फळ स्वतः पाळतं

मंक फ्रूट हे दक्षिण चीनमधलं, मुख्यतः ग्वांगशी प्रांतातल्या ग्वेलिन भागातलं फळ. तिथे त्याला लुओ हान ग्वो म्हणतात. वेलीवर लागतं, लिंबापेक्षा थोडं मोठं असतं आणि आहे आपल्या काकडी-कारल्याच्या कुळातलं. भारतात पालमपूरच्या सीएसआयआर संस्थेनं २०२१ मध्ये हिमाचलच्या कुल्लू भागात त्याची प्रायोगिक लागवड सुरू केली. नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या वेलींवर येतात, त्यामुळे परागीकरण बहुतेक ठिकाणी हातानं करावं लागतं. ते महाग असण्याचं हे एक कारण.

कुळाचा उल्लेख मी उगाच केला नाही. कडू निघालेली काकडी किंवा दुधी आपण तोंडात घातल्याबरोबर थुंकतो. तो कडूपणा ज्या रासायनिक सांगाड्याचा असतो, त्याच जातीचा सांगाडा मंक फ्रूटमध्ये आहे. त्याचं नाव मोग्रॉल. कच्च्या फळात या सांगाड्यावर फक्त २-३ ग्लुकोज असतात, आणि कच्चं फळ कडवटच लागतं. वेलीवर दोन-अडीच महिने पिकताना फळ त्यावर एकेक ग्लुकोज जोडत जातं. ५ ग्लुकोज झाले की मोग्रोसाइड ५ तयार होतं, आणि ते साखरेच्या सुमारे अडीचशे पट गोड आहे. ग्लुकोज वाढले की कडवटपणा उतरतो, हे स्टीव्हियात आपण पाहिलं. इथे तीच गोष्ट एका फळाच्या पिकण्यात घडते. मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

गोडवा काढायची पद्धत मोठ्या प्रमाणात तीच: फळ फोडून गरम पाण्यात मुरवायचं, गाळायचं, मण्यांच्या नळकांड्यातून सोडायचं. फळात साध्या शर्कराही असतात, त्या पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून ताजं फळ खाल्लं तर साखर पोटात जाते, पण शुद्ध अर्कात ती जवळपास नसते. अर्क काढण्यासाठी फळ अर्धकच्चं तोडलं असेल तर कमी ग्लुकोजवाले रेणू जास्त येतात आणि चव बिघडते. बाजारातल्या अर्कात मोग्रोसाइड ५ कधी २५ टक्के असतं, कधी ५० टक्के, तेव्हा नुसतं 'मंक फ्रूट अर्क' लिहिल्यानं काहीच कळत नाही.

रेब एम इतकं चांगलं, तर तेच का नाही विकत?

विकतात, पण ते पानातून काढलेलं असेलच असं नाही. किलोभर पानात एक ग्रॅमही नसेल तर त्यासाठी शेतंच्या शेतं लावावी लागतील. म्हणून दोन वाटा निघाल्या. पहिल्या वाटेत पानातून काढलेल्या रेब एवर विकरांच्या म्हणजे एन्झाइमच्या मदतीनं आणखी ग्लुकोज जोडतात. दुसऱ्या वाटेत जनुकीय बदल केलेल्या यीस्टला साखर खाऊ घालून तिच्याकडून रेब एम बनवून घेतात. म्हणजे दुसऱ्या वाटेत स्टीव्हियाचं पान लागतच नाही.

हे नैसर्गिक का? रेणू तोच आहे, पानातल्या रेब एमपेक्षा अणूचाही फरक नाही. तयार करण्याची वाट कारखान्याची आहे. माझ्या मते डबीवरच्या 'नैसर्गिक' या शब्दाला सुरक्षिततेच्या प्रश्नात काहीच वजन देऊ नये, कडू दुधीही नैसर्गिकच असतो. वजन द्यायचं ते रेणू पोटात गेल्यावर काय करतो याला.

पोटात गेल्यावर काय होतं?

स्टीव्हियाचे रेणू जठरात आणि लहान आतड्यात जसेच्या तसे पुढे सरकतात, कारण ते तोडणारे पाचकरस आपल्याकडे नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचे ग्लुकोज एकेक करून तोडतात आणि स्वतःच वापरून टाकतात. म्हणून हे ग्लुकोज रक्तात येऊन साखर वाढवत नाहीत. मागे उरतो नुसता सांगाडा, स्टीव्हिऑल. तो शोषला जातो, यकृत त्याला दुसऱ्या एका रेणूशी बांधतं आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो.

यातून एक सोय झाली. ३ ग्लुकोजवालं खा की ६ ग्लुकोजवालं, शेवटी शरीरात येतं ते स्टीव्हिऑलच. त्यामुळे प्रत्येक प्रकाराची वेगळी मर्यादा न ठरवता सगळ्यांचा हिशोब स्टीव्हिऑलमध्ये करता येतो.

पूर्वी यावर शंका होत्या ना?

होत्या, आणि त्या गंभीर होत्या. १९६८ मध्ये उंदरांच्या जातीतल्या घुशीएवढ्या प्रयोगप्राण्यांवर, म्हणजे रॅटवर, झालेल्या एका अभ्यासात स्टीव्हियाच्या काढ्यानं प्रजननक्षमता घटल्याचं छापून आलं. १९८५ मध्ये प्रयोगशाळेत असं दिसलं की स्टीव्हिऑलवर यकृतातल्या विकरांची क्रिया झाली तर ते जिवाणूंच्या जनुकांत बदल घडवू शकतं. १९९१ मध्ये अमेरिकेनं स्टीव्हियाची आयात अडवली. जपानमध्ये मात्र तो १९७० च्या दशकापासून खाण्यात होता.

पुढे शुद्ध द्रव्य वापरून केलेल्या प्रजननाच्या अभ्यासांत तो परिणाम पुन्हा दिसला नाही. जनुकांबाबतच्या चाचण्या जिवंत प्राण्यांवर केल्या तेव्हा त्यांतही दोष आढळला नाही. शरीरात यकृत स्टीव्हिऑलला चटकन बांधून टाकतं, बशीतल्या जिवाणूंना ती सोय नसते. रॅटना दोन वर्षं, म्हणजे जवळपास आयुष्यभर, स्टीव्हिओसाइड खाऊ घातलेल्या अभ्यासात दर किलो वजनामागे रोज सुमारे ३८८ मिलिग्रॅम स्टीव्हिऑल पोटात जाऊनही अपाय दिसला नाही. त्याला शंभरानं भागून माणसासाठी मर्यादा ठरली: दर किलो वजनामागे रोज ४ मिलिग्रॅम स्टीव्हिऑल. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं २००८ मध्ये ती पक्की केली, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये तीच मानली, आणि भारतात एफएसएसएआयनं २०१५ मध्ये ठरावीक पदार्थांत वापराला परवानगी दिली. लेबलवर त्याचा क्रमांक ९६० असा दिसतो.

ही मर्यादा चहाच्या कपात मोजू. ६० किलोच्या माणसाला रोज २४० मिलिग्रॅम स्टीव्हिऑल चालतं. रेब एच्या वजनात स्टीव्हिऑलचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो. फिक्या चहाच्या १०० मिलिलिटरच्या कपात २५ मिलिग्रॅम रेब ए गेलं, तर स्टीव्हिऑल झालं ८ मिलिग्रॅम. असे ३० कप प्यायल्यावर मर्यादा गाठली जाते. काकूंसारखा गोड चहा, कपाला ८० मिलिग्रॅमवाला, घेतला तर ९ कपांतच. लहान मुलांचं गणित आणखी तंग आहे. १५ किलोच्या मुलाची मर्यादा ६० मिलिग्रॅम. लिटरला २०० मिलिग्रॅम रेब ए असलेल्या पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या तीन बाटल्या झाल्या की ती भरली. मर्यादा एखाद्या दिवशी ओलांडली म्हणून काही बिघडत नाही, ती आयुष्यभर रोज खाण्यासाठी आखलेली आहे. तरी मुलांना 'साखर नाही ना, मग पिऊ दे' म्हणत रोज बाटल्या देऊ नयेत, असं मी आग्रहानं सांगेन.

आणि मंक फ्रूट?

इथे पुरावा पातळ आहे. अमेरिकेच्या अन्न प्रशासनानं २०१० मध्ये त्याच्या वापरावर आक्षेप घेतला नाही. युरोपच्या संस्थेनं मात्र २०१९ मध्ये सांगितलं की अन्नातला गोडकारक म्हणून मंजुरी देण्याइतका विषपरीक्षणाचा पुरावा पुरेसा नाही. याचा अर्थ ते घातक ठरलं असा नाही. स्टीव्हियावर झाले तसे दीर्घ मुदतीचे अभ्यास त्यांच्यासमोर आले नाहीत, म्हणून त्यांनी निर्णय थांबवला. या दोघांत निवड करायची असेल आणि प्रश्न फक्त सुरक्षिततेचा असेल, तर मी आज स्टीव्हिया निवडेन.

पुडीत बाकीचं काय असतं?

२५ मिलिग्रॅम पावडर चिमटीतही येत नाही. म्हणून पुडीत भर घालावी लागते. गोळ्यांत बहुतेक लॅक्टोज असतं, पुड्यांत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज, आणि मंक फ्रूटच्या पाकिटांत फार वेळा एरिथ्रिटॉल. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, आणि माल्टोडेक्स्ट्रिनही शरीरात ग्लुकोजच होतं. एका पुडीत ते ग्रॅमभर असतं, दिवसाला एक-दोन पुड्यांनी बिघडत नाही, पण दहा पुड्यांचा हिशोब मधुमेह असलेल्यानं धरायला हवा.

एरिथ्रिटॉलचं प्रकरण अजून चालू आहे. 'मंक फ्रूट' लिहिलेल्या पाकिटात घटकांच्या यादीत तेच पहिलं असेल, तर वजनानं तुम्ही मुख्यतः तेच विकत घेत आहात, कारण यादी जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहितात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांना हृदयविकार आणि पक्षाघात जास्त झाल्याचं दिसलं. शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे एवढ्यावरून दोष त्याच्यावर टाकता येत नव्हता. पण त्याच गटानं पुढे निरोगी लोकांना एकदम ३० ग्रॅम दिलं, तेव्हा रक्त गोठवणाऱ्या पेशी जास्त तत्पर झालेल्या आढळल्या. चहाच्या पुडीतल्या दोन-तीन ग्रॅमला हे जसंच्या तसं लावता येणार नाही. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे, त्यांनी एरिथ्रिटॉलचे लाडू-केक टाळावेत आणि डॉक्टरांना विचारावं.

यानं शुगर उतरते का?

नाही. मधुमेह असलेल्यांना १६ आठवडे रोज १००० मिलिग्रॅम रेब ए देऊन पाहिलं गेलं. त्यांची साखर वाढली नाही, उतरलीही नाही, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणीही तशीच राहिली. स्टीव्हिया औषध नाही, साखरेच्या जागी आलेली गोडी आहे, फायदा झालाच तर तो वगळलेल्या साखरेचा. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी अशा गोडकारकांवर अवलंबून राहू नका असं सुचवलं, तेही याच अर्थानं, आणि त्या यादीत स्टीव्हियाही आहे. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ती सूचना नव्हती, ही ओळ बातम्यांत बऱ्याचदा गळून गेली.

कुंडीतलं पान चहात टाकलं तर?

घरच्या झाडाचं एखाद-दुसरं पान चहात उकळण्यात मला घाबरण्यासारखं काही दिसत नाही. पण वर सांगितलेली मर्यादा ९५ टक्के शुद्ध द्रव्यासाठी आहे. अमेरिकेचं अन्न प्रशासन आजही अख्खं पान आणि कच्चा अर्क गोडकारक म्हणून मान्य करत नाही, कारण पानातल्या बाकीच्या घटकांवर तसा अभ्यास नाही. चवीचं म्हणाल तर पानात स्टीव्हिओसाइडचं प्रमाण जास्त, शिवाय टॅनिन आणि हिरवा वास. पान उकळत ठेवलं की हे सगळं उतरतं. चहा गाळायच्या आधी दोन मिनिटंच पान टाकून काढून घेतलं, तर गोडी बऱ्यापैकी येते आणि तुरटपणा कमी राहतो.